न्यूमनवरून फिशर काढताना विन्यास उलटतो: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

न्यूमन प्रक्षेपणावरून फिशर प्रक्षेपण काढताना उत्तर चुकते, ही तक्रार बी.एस्सी.चे आणि जेईईची तयारी करणारे विद्यार्थी दरवर्षी घेऊन येतात. अशा वह्या तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विद्यार्थ्याला दोन्ही प्रक्षेपणे वेगवेगळी नीट काढता येतात, चूक होते ती एकातून दुसऱ्यात जाताना. ही चूक नेमकी कशी दिसते यावरून तिचे कारण बहुतेक वेळा ओळखता येते, म्हणून आधी लक्षणे पाहू.

लक्षणे

पहिले आणि सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे दोनपैकी एकाच किरल केंद्राचा विन्यास बदललेला असतो. मूळ संयुग प्रकाशक्रियाशील असताना उत्तर मेसो येते किंवा मेसो असताना प्रकाशक्रियाशील येते. उत्तरसूचीत (2R,3R) असते आणि आपल्याकडे (2R,3S) निघते. म्हणजे आपण डायस्टिरिओमर काढलेला असतो.

दुसऱ्या लक्षणात दोन्ही केंद्रे एकदम उलटतात, (2R,3R) चे (2S,3S) होते. आकृती सुबक दिसते, एकमेकांच्या संदर्भात गटांची मांडणीही बरोबर असते, पण संयुग आरशातले निघते. आधीच्या चुकीपेक्षा ही चूक डोळ्यांना कमी खुपते.

तिसरे लक्षण थोडे फसवे आहे. एकाच संयुगाची दोन वेगवेगळी न्यूमन चित्रे दिली तर दोन वेगवेगळी फिशर प्रक्षेपणे निघतात, किंवा काही गणिते बरोबर येतात आणि काही विनाकारण चुकतात. तसे असेल तर आपली पद्धत मुळात चुकीची असून एखाद्या विशिष्ट मांडणीत ती योगायोगाने बरोबर उत्तर देते आहे, असे समजावे.

तपासणीसाठी घेतलेले उदाहरण

खालच्या सर्व तपासण्या टार्टारिक आम्लावर करून दाखवतो. चिंचेत आणि द्राक्षांत आढळणारे हे आम्ल म्हणजे (2R,3R) रूप. त्याचे न्यूमन चित्र असे दिले आहे असे समजा. पुढे दुसरा कार्बन आहे, मागे तिसरा. गटांच्या जागा घड्याळाच्या आकड्यांनी लिहितो, कारण शब्दांत वर्णन करताना याहून कमी गोंधळाची रीत नाही. पुढच्या कार्बनवर COOH 12 वर, OH 4 वर आणि H 8 वर आहे. मागच्या कार्बनवर COOH 6 वर, H 10 वर आणि OH 2 वर आहे. दोन्ही COOH एकमेकांच्या विरुद्ध दिशेला आहेत, म्हणजे हे अँटी प्रकारचे स्टॅगर्ड संरूपण आहे.

आता या चित्राकडे पुन्हा एकदा पाहा. 4 आणि 2 या दोन्ही जागा उजवीकडे आहेत, त्यामुळे दोन्ही OH उजवीकडे दिसतात. जो विद्यार्थी चित्रातले डावे-उजवे जसेच्या तसे फिशरमध्ये उतरवतो, तो दोन्ही OH उजवीकडे लिहितो, आणि ते मेसो टार्टारिक आम्ल होते. दिलेले संयुग मेसो नाही. पहिले लक्षण बहुतेक वेळा इथेच जन्माला येते.

पहिली तपासणी: चित्र नीट वाचले आहे का

हिला पेन्सिलीशिवाय काही लागत नाही, म्हणून ही सर्वांत आधी. ज्या तीन रेषा वर्तुळाच्या मध्यबिंदूत मिळतात त्या पुढच्या कार्बनच्या, आणि ज्या वर्तुळाच्या कडेपाशी थांबतात त्या मागच्या. दोन्ही कार्बनांना क्रमांक द्या आणि प्रत्येकावर तीन गट आहेत ना ते मोजा. चौथा बंध दोन कार्बनांमधला असतो आणि तो आपल्या नजरेच्या रेषेतच असल्यामुळे दिसत नाही. नंतर मुख्य साखळी कुठून जाते ते ठरवा, कारण फिशरमध्ये साखळी उभ्या रेषेत ठेवायची असते. टार्टारिक आम्लात ती COOH, दुसरा कार्बन, तिसरा कार्बन, COOH अशी जाते. थोड्या अवघड गणितात OH किंवा ब्रोमीन मुद्दाम 12 वर ठेवलेला असतो, आणि जो गट वर दिसतो तोच साखळीचे टोक आहे असे घाईत गृहीत धरले जाते.

याच वेळी प्रत्येक कार्बनवरचे तीन गट काट्यांच्या दिशेने कोणत्या क्रमाने येतात ते समासात लिहून ठेवावे. आपल्या चित्रात पुढच्या कार्बनवर COOH, OH, H असा क्रम आहे आणि मागच्यावर COOH, H, OH असा. ही नोंद पुढच्या तपासणीत उपयोगी पडते.

दुसरी तपासणी: साखळीची दोन्ही टोके एका बाजूला आणली का

चुकांचा सर्वांत मोठा वाटा या टप्प्यावर असतो, म्हणून इथे थोडे थांबू. फिशर प्रक्षेपणात प्रत्येक केंद्रावरचे आडवे बंध वाचणाऱ्याकडे येतात आणि उभे बंध त्याच्यापासून दूर जातात. शेजारच्या दोन केंद्रांसाठी हे एकाच वेळी खरे व्हायचे, तर साखळीची दोन्ही टोके त्यांच्यामधल्या बंधाच्या एकाच बाजूला वळलेली असली पाहिजेत. याचा अर्थ फिशर नेहमी एक्लिप्स्ड संरूपण दाखवते. न्यूमन मात्र बहुतेक वेळा स्टॅगर्ड दिलेले असते. म्हणून उतरवण्याआधी मागचा कार्बन फिरवून दोन्ही टोके एकमेकांसमोर आणणे भाग आहे.

रेणू प्रत्यक्षात एक्लिप्स्ड स्थितीत रेंगाळत नाही, मग तो तसा फिरवणे चालते का, अशी शंका काही चांगले विद्यार्थी घेतात आणि ती रास्त आहे. एकेरी बंधाभोवती फिरवल्याने संरूपण बदलते, विन्यास बदलत नाही, कारण एकही बंध तुटत नाही. एमिल फिशर यांनी 1891 मध्ये ही पद्धत मांडली ती विन्यासाची नोंद करण्यासाठी. रेणू कोणत्या आकारात स्थिर असतो याबद्दल ती काही सांगत नाही.

पुढच्या कार्बनचे टोक 12 वर नसेल तर आधी सगळे चित्र, म्हणजे कागदच, फिरवून ते 12 वर आणा. मग पुढचा कार्बन स्थिर ठेवून फक्त मागचा फिरवा. आपल्या उदाहरणात मागचा COOH 6 वरून 12 वर न्यायचा आहे, म्हणजे सहा तास. तेव्हा त्या कार्बनवरचे तिन्ही गट सहा-सहा तास सरकले पाहिजेत. COOH 12 वर येतो, H 10 वरून 4 वर येतो आणि OH 2 वरून 8 वर जातो. क्रम पाहिला तर पुन्हा COOH, H, OH असाच आहे, म्हणजे समासातल्या नोंदीशी तो जुळतो.

तो जुळला नाही, तर तिन्ही गट सारखे फिरवण्याऐवजी COOH वर नेण्यासाठी दोन गटांची अदलाबदल झाली आहे. एका केंद्रावर दोन गटांची अदलाबदल केली की त्याचा विन्यास उलटतो. हे इतके सहज होते की फिरवण्याच्या प्रत्येक पायरीनंतर क्रम पुन्हा वाचायची सवय लावून घ्यावी.

तिसऱ्या लक्षणाचा उलगडाही इथेच होतो. हेच आम्ल गॉश संरूपणात दिले असते, तर मागच्या कार्बनवर COOH 10 वर, H 2 वर आणि OH 6 वर असता. आता फक्त दोन तास पुढे फिरवायचे. COOH 12 वर, H 4 वर आणि OH 8 वर येतो, म्हणजे वरचेच चित्र पुन्हा मिळते. सुरुवात कोणत्याही संरूपणापासून केली तरी या टप्प्यावर चित्र एकच आले पाहिजे, आणि वेगळे आले तर दोष फिरवण्यात आहे हे नक्की होते.

तिसरी तपासणी: आपण पाहतो कुठून

दोन्ही केंद्रे एकदम उलटण्याचे कारण बहुतेक वेळा इथे सापडते. फिशरमध्ये साखळीची टोके वाचणाऱ्यापासून दूर जातात, म्हणून एक्लिप्स्ड न्यूमनकडे टोकांच्या विरुद्ध बाजूने पाहायचे असते. टोके 12 वर असतील तर रेणूकडे खालून वर पाहावे लागते. तसे पाहताना डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडेच ठेवले, तर पुढचा कार्बन फिशरमध्ये वर येतो आणि मागचा खाली जातो. टोके 6 वर आणली असतील तर वरून खाली पाहावे लागते, आणि मग डावे-उजवे तसेच ठेवल्यास पुढचा कार्बन खाली येतो आणि मागचा वर जातो.

टोके 6 वर असताना पुढचा कार्बन वर लिहिला आणि डावे-उजवेही तसेच ठेवले, की दोन्ही केंद्रे उलटतात. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की दोन नियम लक्षात ठेवू नयेत. टोके नेहमी 12 वरच आणावीत, पुढचा कार्बन वर लिहावा आणि डावे-उजवे तसेच उतरवावे.

आपल्या चित्रात पुढच्या, म्हणजे दुसऱ्या कार्बनवर OH उजवीकडे आणि H डावीकडे आहे. तिसऱ्यावर OH डावीकडे आणि H उजवीकडे आहे. म्हणून फिशर असे येते:

```
        COOH
         |
    H -- C -- OH
         |
   HO -- C -- H
         |
        COOH
```

इथे एक सावधगिरी हवी. सरावाला नुसते मेसो टार्टारिक आम्ल घेतले तर पाहण्याच्या बाजूची चूक कधीच पकडली जात नाही, कारण मेसो रूपाचे आरशातले चित्र ते स्वतःच असते. उत्तर बरोबर येते आणि चुकीची पद्धत पक्की होत जाते. सरावाचे संयुग मेसो नसलेलेच निवडावे.

चौथी तपासणी: दोन्ही चित्रांत R आणि S स्वतंत्रपणे काढा

हिला पाच-सात मिनिटे जास्त लागतात, पण विन्यास टिकला की नाही याचा खरा पुरावा हीच देते. अट एकच, की पहिले R/S मूळ न्यूमन चित्रावरून काढावे. मधल्या एक्लिप्स्ड चित्रावरून काढले, तर फिरवताना झालेली चूक दोन्हीकडे सारखीच येते आणि तपासणी निरर्थक ठरते.

न्यूमन चित्रात H सहसा ना पुढे असतो ना मागे, म्हणून थेट वाचता येत नाही. त्यासाठी H च्या जागी शेजारचा, म्हणजे नजरेच्या रेषेतल्या बंधाचा, कार्बन आहे असे मनात धरायचे आणि अग्रक्रम 1, 2, 3 वाचायचे. पुढच्या कार्बनच्या बाबतीत या अदलाबदलीनंतर H आपल्यापासून दूर जातो, म्हणून वाचन फक्त अदलाबदलीपुरते एकदा उलटवायचे. मागच्या कार्बनच्या बाबतीत H आपल्याकडे येतो, त्यामुळे वाचन दोनदा उलटते, म्हणजे जे दिसते तेच उत्तर.

टार्टारिक आम्लात दोन्ही केंद्रांवर अग्रक्रम OH, COOH, शेजारचा कार्बन आणि H असा आहे. पुढच्या कार्बनवर OH 4 वर, COOH 12 वर आणि H च्या जागी धरलेला कार्बन 8 वर आहे. 4, 12, 8 हे काट्यांच्या उलट दिशेने जाते, ते एकदा उलटवले की R. मागच्या कार्बनवर OH 2 वर, COOH 6 वर आणि धरलेला कार्बन 10 वर आहे. हे काट्यांच्या दिशेने जाते, म्हणून तसेच R.

आता फिशरमध्ये पाहू. H आडवा आहे, म्हणजे वाचणाऱ्याकडे आहे, म्हणून दिसेल त्याच्या उलट घ्यायचे. वरच्या केंद्रावर उजवीकडचा OH, वरचा COOH, खालचा कार्बन हा क्रम काट्यांच्या उलट दिशेने जातो, म्हणून R. खालच्या केंद्रावर डावीकडचा OH, खालचा COOH, वरचा कार्बन हा क्रमही काट्यांच्या उलट दिशेने जातो, म्हणून पुन्हा R. दोन्हीकडे (2R,3R) आले, तेव्हा विन्यास टिकला आहे. एकच केंद्र जुळले नाही तर दुसऱ्या तपासणीकडे परत जावे, आणि दोन्ही जुळली नाहीत तर तिसरीकडे.

क्रमांक उलटे आले तर

टार्टारिक आम्लाची दोन्ही टोके सारखी असल्याने वर कोण आणि खाली कोण हा प्रश्न तिथे उभा राहत नाही. टोके वेगळी असली की तो उभा राहतो. थ्रिओनीनचे न्यूमन तिसऱ्या कार्बनकडून पाहून दिले आहे असे धरा. पुढे CH₃ 12 वर, H 4 वर, OH 8 वर. मागे COOH 6 वर, NH₂ 10 वर, H 2 वर. मागचा कार्बन सहा तास फिरवला की COOH 12 वर, NH₂ 4 वर आणि H 8 वर येतो. फिशर उतरवले तर CH₃ वर येतो, त्याखालच्या केंद्रावर OH डावीकडे, त्याच्याही खालच्या केंद्रावर NH₂ उजवीकडे, आणि COOH सर्वांत खाली.

हे चुकीचे नाही, फक्त उलटे आहे, कारण प्रथेप्रमाणे पहिला कार्बन वर असतो. ते सुलट करताना कागद त्याच प्रतलात 180 अंशांतून फिरवायचा. COOH वर येतो, NH₂ डावीकडे जातो आणि OH उजवीकडे येतो. हेच प्रथिनांतले (2S,3R) थ्रिओनीन. नुसते वरचे-खालचे गट बदलून डावे-उजवे तसेच ठेवले तर मात्र दोन्ही केंद्रे उलटतात. फिशर 90 अंशांतून फिरवणे किंवा कागदाची पाठ वर करून वाचणे यांनीही तेच होते, कारण आडवे बंध पुढे आणि उभे मागे हा करारच मोडतो.

पाचवी तपासणी: मॉडेल

चारही तपासण्यांनंतर उत्तरे जुळत नसतील तर हातात मॉडेल घ्यावे. गोळ्या-काड्यांचा संच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतोच, नसेल तर चार रंगांची माती आणि काड्यापेटीतल्या काड्या पुरतात. मूळ न्यूमनप्रमाणे रेणू बांधा आणि दोन कार्बनांमधल्या बंधाच्या रेषेतून पाहून सहाही गटांच्या जागा ताडून घ्या. मग मधला बंध फिरवून साखळीची टोके एका बाजूला आणा, पुढचा कार्बन वर ठेवून ती टोके आपल्यापासून दूर वळवा आणि जे दिसते ते कागदावर उतरवा. बांधल्यानंतर एकही काडी उपसायची नाही. काडी उपसावी लागली तर ज्या गटाची उपसली त्याच केंद्रावर कागदावरही अदलाबदल झाली आहे, असे जवळजवळ खात्रीने सांगता येते.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

दिलेल्या चित्रातच पुढच्या कार्बनला चार रेषा असतील, किंवा कोणती रेषा मध्यापर्यंत जाते हे छपाईत दिसत नसेल, तर अंदाज करू नये. प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांकडून चित्र स्पष्ट करून घ्यावे. चुकीच्या चित्राला बरोबर उत्तर नसते.

साखळीत तीन किंवा अधिक किरल केंद्रे असतील तर एका न्यूमनमध्ये त्यांपैकी दोनच दिसतात. तिसऱ्याचा विन्यास गटाबरोबर लिहून दिलेला नसेल, तर तो कोणत्याही युक्तीने काढता येणार नाही. वलयी संयुगे आणि किरल केंद्राऐवजी अक्षामुळे किरल असलेली अॅलीनसारखी संयुगे यांच्यासाठी ही पद्धत वापरू नये. दोन गटांतला फरक फक्त त्यांच्या आतल्या R किंवा S मुळे पडत असेल, तर अग्रक्रम ठरवण्याचे काम स्टिरिओरसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे न्यावे.

शेवटची मर्यादा संशोधन करणाऱ्यांसाठी. या सर्व तपासण्या दिलेला विन्यास एका चित्रातून दुसऱ्यात सुखरूप नेतात, बाटलीतल्या पदार्थाचा विन्यास त्या सांगत नाहीत. प्रकाशाचे प्रतल तो उजवीकडे फिरवतो यावरूनही R की S हे ठरत नाही, कारण चिन्ह आणि विन्यास यांच्यात ठरावीक नाते नाही. टार्टारिक आम्लाचा खरा विन्यास 1951 मध्ये बायफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या सोडियम-रुबिडियम क्षारावर क्ष-किरणांचे प्रयोग करून निश्चित केला, तोपर्यंत फिशर यांनी धरलेली बाजू हे एक गृहीतकच होते. आपल्या नव्या संयुगाचा विन्यास माहीत नसेल तर कागद बाजूला ठेवून चांगला स्फटिक तयार करावा आणि तो क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या तज्ज्ञाकडे द्यावा.